काथ्यासारख्या झालेल्या केसांना आणखी प्रोटीन नको

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे, पुण्यात वाकडला राहते. फेब्रुवारीत पार्लरमध्ये केस ब्लीच करून घेतले. रंग हवा तेवढा उघडला नाही, म्हणून तीन आठवड्यांनी टोकांकडच्या भागावर पुन्हा ब्लीच केले. तेव्हापासून केस अगदी पेंढ्यासारखे झाले आहेत. प्रोटीन कमी पडले असेल असे वाटून दोन महिने दर धुण्याला केरॅटिन मास्क लावते, शिवाय रविवारी अंडे आणि दही. पहिल्या दोन-तीन वेळा छान वाटले. आता केस आणखी कडक झाले आहेत आणि विंचरताना मधूनच तुटतात. टोके मात्र ओली असताना ताणली जातात आणि तशीच राहतात. आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. केस खांद्याखाली वीतभर आहेत. पार्लरमधली ताई केरॅटिन ट्रीटमेंट करून घ्या म्हणते. करू का?
— एक वाचक, पुणे

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ती ट्रीटमेंट करू नका. पार्लरमध्ये जिला केरॅटिन ट्रीटमेंट म्हणतात, ती नावाने प्रथिनांची असली तरी प्रत्यक्षात केस सरळ करण्याची क्रिया असते. केसांना एक रसायन लावून त्यावरून सुमारे २०० ते २३० अंश तापलेली इस्त्री प्रत्येक बटेवरून अनेकदा फिरवली जाते. ज्या केसांतील केरॅटिन ब्लीचने आधीच दुबळे केले आहे, त्यांना ही उष्णता सोसत नाही. शिवाय अशा काही मिश्रणांतून इस्त्रीच्या वेळी फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो, आणि डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. ट्रीटमेंटनंतर दोन-तीन आठवडे केस गुळगुळीत दिसतील, आणि नंतर आज टोकांना जे झाले आहे ते मधल्या लांबीलाही होईल.

आता मूळ तक्रारीकडे वळते. तुमच्या पत्रात एक वाक्य फार मोलाचे आहे: केस मधूनच तुटतात, पण टोके ताणली जाऊन तशीच राहतात. हे एकाच दुखण्याचे दोन नमुने नाहीत. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय जवळजवळ उलटे आहेत. तुम्ही संपूर्ण केसांना एकच उपाय केला, तिथे घोटाळा झाला.

हे समजण्यासाठी ब्लीच केसांचे काय करते ते थोडक्यात पाहावे लागेल. ब्लीच पावडर आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, यांचे मिश्रण बरेच अल्कधर्मी असते. डेव्हलपरच्या बाटलीवरचे २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम हे आकडे अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड दाखवतात. हे मिश्रण केस फुगवून आत शिरते आणि रंगद्रव्य नष्ट करते. पण जाता जाता ते आणखी दोन गोष्टींवर हात मारते. पहिली गोष्ट म्हणजे केसाच्या खवल्यांवर चिकटलेला अत्यंत पातळ स्निग्ध थर. न रंगवलेल्या केसावरून पाणी घरंगळते आणि एक केस दुसऱ्यावरून सहज सरकतो, तो या थरामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे केसाच्या गाभ्यातील केरॅटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडून ठेवणारे गंधकाचे बंध. प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार नेहमीच्या ब्लीचमध्ये यांपैकी सुमारे १५ ते २५ टक्के बंध नष्ट होतात, आणि तीव्र किंवा वारंवार ब्लीच केल्यास हे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

पहिले नुकसान हाताला राठपणा म्हणून जाणवते आणि दुसरे ओल्या केसाच्या लवलवीत ताणातून कळते. तुमच्या मधल्या लांबीवर एकदा ब्लीच झाले आहे, तिथे मुख्यतः पहिले नुकसान आहे. टोकांवर दोनदा झाले आहे, तिथे दोन्ही आहेत.

पुढचा मुद्दा थोडा आडवळणाचा वाटेल, पण सगळी गफलत त्यातूनच होते. ब्लीच केलेले केस कोरडे असतात असे आपण म्हणतो, ते स्पर्शाचे वर्णन आहे, पाण्याचा हिशेब नाही. असे केस उलट जास्त पाणी पितात, जास्त फुगतात आणि वाळायला जास्त वेळ घेतात. पूर्वी तासाभरात वाळणारे केस आता दोन-अडीच तास दमट राहतात, हे तुमच्याही लक्षात आले असेल. कमी पडला आहे तो पृष्ठभागावरचा निसरडेपणा. म्हणून मॉइश्चर मास्क या नावाने जे विकले जाते, त्याचे खरे काम केसात पाणी भरणे हे नसून गेलेल्या स्निग्ध थराची तात्पुरती जागा घेणे हे असते. त्यात मेदयुक्त अल्कोहोल आणि धन विद्युतभार असलेले कंडिशनिंग घटक असतात. ब्लीच केलेल्या केसाचा पृष्ठभाग अधिक ऋणभारित झालेला असतो, त्यामुळे हे घटक तिथे नेमके आणि जास्त चिकटतात. लेबलवर सेटिल अल्कोहोल, सेटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रायमोनियम अशी नावे सुरुवातीच्या काही घटकांत असली, तर तो मास्क आपल्या कामाचा आहे. ‘अल्कोहोल’ हा शब्द वाचून घाबरू नका. ही मेणासारखी मऊ द्रव्ये आहेत, स्पिरिटसारखी उडून जाणारी नाहीत.

प्रोटीन मास्कचे काम वेगळे. त्यातील प्रथिनांचे आधी बारीक तुकडे केलेले असतात आणि म्हणूनच लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड’ हा शब्द येतो. त्यांतले अगदी लहान तुकडे ब्लीचने सच्छिद्र झालेल्या केसात काही प्रमाणात शिरतात, मोठे तुकडे वर एक पातळ पापुद्रा धरतात. दोन्हींमुळे लवलवीत केसाला थोडा ताठपणा येतो. तुटलेले गंधकाचे बंध त्यामुळे परत जोडले जात नाहीत. डबा काहीही म्हणो, ही डागडुजी असते. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हाला छान वाटले ते या पापुद्र्यामुळे, आणि पुढे तोच दर धुण्याला साचत गेला. खळ मर्यादेत असेल तर सुती साडी छान उभी राहते, पण रोज खळ घातली तर ती घडीवर चिरते. मधल्या लांबीचे तसेच झाले आहे. निसरडेपणा आधीच गेलेला, त्यावर ताठपणा चढला, आणि कंगवा अडकल्यावर वाकण्याऐवजी केस तुटू लागला.

अंडे आणि दही यांना मी फारसा दोष देणार नाही, कारण त्यांनी फारसे काही केलेलेच नाही. त्यांतील प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसात शिरत नाहीत. वर थोडा थर धरतात, आणि गरम पाण्याने धुतले तर अंडे शिजून केसांत अडकते, ते वेगळेच. रविवारचा तो खटाटोप बंद करा आणि अंड्याचे ऑम्लेट करा.

एका गोष्टीकडे मात्र तुमचे दुर्लक्ष झाले असावे असे वाटते, ती म्हणजे पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरेच असते, आणि ब्लीच केलेल्या केसावरच्या ऋणभारित जागा हे क्षार ओढून घेतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, त्याचाच सूक्ष्म अवतार केसावर बसतो. त्यावर मास्क नीट बसत नाही आणि केस धुतल्यावरही खरखरीत लागतो. प्रोटीनचा अतिरेक आणि क्षारांचा थर हाताला जवळजवळ सारखेच लागतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना मी एकदा प्रोटीन बंद करून महिनाभर नुसते मऊ करणारे मास्क दिले आणि फरक पडेना. शेवटी त्यांनी सहज सांगितले की माहेरी आठ दिवस राहिले की केस आपोआप सुधारतात. माहेरी नदीचे पाणी होते. तेव्हापासून मी पाण्याबद्दल आधी विचारते.

म्हणून सुरुवात धुण्यापासून करा. कडक पाण्यासाठीचा, म्हणजे ज्यावर चिलेटिंग किंवा हार्ड वॉटर असे लिहिलेले असते तो शॅम्पू आणा. केस भिजवून तो सगळ्या लांबीवर लावा, तीन ते पाच मिनिटे राहू द्या आणि धुवा. हे आता एकदा, नंतर तीन-चार आठवड्यांतून एकदाच, कारण हा शॅम्पू कडक असतो. एरवी सल्फेट नसलेला सौम्य शॅम्पू वापरा, तोही फक्त टाळूला. लांबीवरून फेस उतरतो तेवढा पुरे. शिकेकाई आणि रिठ्याची पूड सध्या नको, कारण चोळताना तिची भरड उघडलेल्या खवल्यांवर घासते. शेवटच्या धुण्यासाठी स्वयंपाकघरातील आरओचे दीड-दोन लिटर पाणी बाजूला ठेवा आणि कंडिशनर त्यानेच काढा. नळाला लावायचे छोटे शॉवर फिल्टर विकत घेण्याआधी विचार करा. त्यांतले बहुतेक क्लोरीन आणि गाळ कमी करतात, पाण्याचा कडकपणा नाही.

त्या पहिल्या धुण्यानंतर, कंडिशनर लावण्याच्या आधी, केसांची परीक्षा घ्या. कंगव्यात आलेले पाच-सहा लांब केस ठेवून द्या. गळालेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका असतो, त्यामुळे मूळ आणि टोक ओळखता येते. ते केस त्याच शॅम्पूने धुऊन पाच मिनिटे पाण्यात ठेवा. मग एका केसाचा मधला १० सेंटीमीटरचा भाग पट्टीशेजारी दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि अगदी सावकाश ताणा. चांगला ओला केस साधारण १३ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि सोडल्यावर पुन्हा १० वर येतो. ११ च्या आसपासच तटकन तुटला तर तो ताठ झाला आहे आणि त्याला मऊ करणारे, निसरडे करणारे उपचार हवेत. १४-१५ पर्यंत विरोध न करता रबरासारखा लांबत गेला आणि परत आलाच नाही, किंवा बोटांत ओल्या शेवयांसारखा चिकट लागला, तर त्याच्या गाभ्यातील आधार गेला आहे आणि त्याला थोडे प्रोटीन हवे. हीच कसोटी टोकाच्या भागावर वेगळी करा. एका केसावरून निष्कर्ष काढू नका, कारण हाताचा ताण सारखा राहत नाही. पाचांपैकी चार केस एकसारखे वागले तर त्यावर विश्वास ठेवा.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की मधला भाग पहिल्या प्रकारचा निघेल आणि टोके दुसऱ्या. तसे निघाले तर पुढचे चार आठवडे मधल्या भागाला प्रोटीन पूर्ण बंद. ‘पूर्ण’ म्हणताना शॅम्पू, कंडिशनर, सीरम आणि लीव्ह-इन यांची लेबलेही पाहा. केरॅटिन, व्हीट प्रोटीन, सिल्क, कोलॅजेन, राइस प्रोटीन ही सगळी त्याच घरची नावे. मास्क बंद केला आणि शॅम्पू केरॅटिनचाच राहिला, असे फार वेळा होते. घटकांच्या यादीत ही नावे अगदी शेवटी, सुगंधाच्या पुढे असतील तर त्यांचे प्रमाण नगण्य असते, तेवढे चालेल.

आठवड्यातून दोनदा केस धुवा. प्रत्येक धुण्याच्या आधी कोरड्या केसांना, कानाखालच्या लांबीवर, दोन छोटे चमचे खोबरेल तेल चोळा आणि तासभर, जमल्यास रात्रभर राहू द्या. खोबरेलाचा आग्रह केवळ सवयीचा नाही. २००३ साली मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावल्यास खोबरेलाने केसातून होणारी प्रथिनांची झीज कमी केली, ब्लीच केलेल्या केसांतही, आणि बाकीच्या दोन तेलांनी केली नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही मला हा निष्कर्ष पटतो, कारण त्यामागचे कारण सरळ आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो. खनिज तेल वरच राहते. मात्र तेल हे मास्कची जागा घेत नाही. धुतल्यानंतरचा निसरडेपणा मास्कनेच येतो.

धुतल्यावर केस पिळू नका. जुन्या सुती साडीच्या किंवा टी-शर्टच्या कापडात दाबून पाणी टिपा. मग वर सांगितलेल्या घटकांचा मास्क मोठे दोन चमचे घेऊन बट-बट करून लावा आणि मास्क अंगावर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवत या. ब्लीच केलेला ओला केस कोरड्यापेक्षा फार दुबळा असतो. नुसत्या पाण्याने ओला असताना विंचरणे ही तुटण्याची सगळ्यांत मोठी संधी. दहा मिनिटे पुरेत. तासभर ठेवल्याने काही वाढत नाही, कारण चिकटायच्या जागा भरल्या की उरलेले पाण्याबरोबर जाते. ओलसर केसांवरच वाटाण्याएवढे सिलिकॉनयुक्त सीरम लावा. सिलिकॉनबद्दल बरीच अढी आहे, पण तुमच्या केसाला सध्या हवा तो निसरडेपणा त्यातूनच स्वस्तात मिळतो, आणि महिन्याच्या कडक धुण्यात साठलेले निघून जाते.

टोकांचे गणित वेगळे. शेवटच्या आठ-दहा सेंटीमीटरला दहा दिवसांतून एकदा, धुतल्यानंतर आणि मास्कच्या आधी, हायड्रोलाइज्ड प्रोटीनचा उपचार करा. तुमच्याकडे उरलेला केरॅटिन मास्क चालेल. लिंबाएवढा घ्या, केस एका हाताने वर धरून फक्त टोकांना लावा, पाच ते सात मिनिटांत धुवा आणि लगेच नेहमीचा मास्क वरपासून खालपर्यंत लावा. हा क्रम उलटवू नका. प्रोटीन लावून तसेच सोडले तर टोकेही मधल्या भागासारखी ताठ होतील. दुसऱ्या वेळेनंतर टोकांची ताण-कसोटी पुन्हा घ्या. १० चे १३ होऊन परत ११ वर जरी आले, तरी प्रोटीन दहाऐवजी वीस दिवसांवर न्या. काहीच फरक नसेल तर मात्रा वाढवू नका. प्रोटीन जितके करू शकत होते तितके त्याने केलेले असते.

चार आठवड्यांत मधल्या भागात काय बदलायला हवे, तेही सांगते. पहिला फरक तिसऱ्या-चौथ्या धुण्यात जाणवावा: मास्क धुताना केस बोटांतून सरकतील, कंगव्यातले मधूनच तुटलेले छोटे तुकडे कमी होतील. मुळाच्या ठिपक्यासह आलेले लांब केस ही नेहमीची गळती आहे, ती यात मोजू नका. पाचव्या आठवड्यात मधला भाग मऊ पण लोळागोळा वाटू लागला, ओला असताना ताणल्यावर परत यायला वेळ घेऊ लागला, तर समजा तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो आहे. तेव्हा त्यालाही महिन्यातून एकदा, पाच मिनिटांचे प्रोटीन द्या. प्रोटीन आणि मॉइश्चर यांचा हा तोल प्रयोगशाळेचा नियम नव्हे, केस हाताळणाऱ्यांचा अंगवळणी पडलेला ठोकताळा आहे. म्हणून ‘इतक्या दिवसांनी हे’ असे वेळापत्रक भिंतीवर लावण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा पट्टी काढलेली बरी. चार आठवडे होऊनही मधला भाग ११ वरच तुटत असेल तर चिलेटिंगचे धुणे आणखी एकदा करा आणि घरातल्या लेबलांत कुठे प्रोटीन दडले आहे का ते पुन्हा तपासा.

या काळात इस्त्री, टाँग बंदच ठेवा. ब्लो ड्राय टाळता येत नसेल तर केस तीन-चतुर्थांश वाळल्यावर मध्यम आचेवर, वीतभर अंतरावरून. दमट केसावर इस्त्री तर कधीच नको, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथेच तो मोडतो. केस झाकायला मेंदी लावण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. तोही टाळा. ब्लीच केलेल्या केसावर मेंदी भडक नारिंगी चढते, उतरत नाही, आणि केस आणखी ताठ करते.

टोकांबद्दल खरे ते सांगते. महिनाभर हे सगळे करूनही ओल्या टोकांचा लवलवीतपणा गेला नाही, तर तो जाणार नाही. केस दर महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे फेब्रुवारीनंतर आलेला तीन-चार सेंटीमीटरचा मुळाकडचा भाग हा तुमचा निरोगी केस आहे आणि बाकी लांबी जपून वापरायची आहे. टोकांना फुटलेला फाटा वर चढत जातो, म्हणून आताच तीन सेंटीमीटर कापा आणि नंतर दर आठ आठवड्यांनी दोन-दोन सेंटीमीटर. या हिशेबाने दोनदा ब्लीच झालेला भाग सहा-सात महिन्यांत निघून जाईल आणि लांबी फारशी कमी झालेली दिसणार नाही. टाळूवर जळल्यासारखे चट्टे असतील, किंवा केस मुळाजवळून झुबक्याने तुटत असतील, तर मात्र थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि पार्लरच्या ताईंना एवढे सांगा की पुन्हा कधी रंग करायचाच झाला तर तो फक्त नव्या मुळांना, २० व्हॉल्यूमच्या वर न जाता, आणि जुन्या ब्लीचवर मिश्रण न चढवता. मुळे आणि जुना भाग यांमधल्या सीमेवर आधी कंडिशनरचा जाड हात फिरवून ठेवला, तर मिश्रण खाली सरकले तरी तिथे त्याचा जोर कमी होतो.